रवाळ तुपाचा एक चमचा किती ग्रॅमचा?

गेल्या जानेवारीत सांगलीहून भावजयीचा फोन आला. भावाचा रिपोर्ट आला होता, एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १५८. "ताई, तूप आजपासून बंद करते. पण मग रिफाइंड आणू की घाण्याचं? शेजारच्या काकू म्हणतात रिफाइंड म्हणजे नुसतं केमिकल. आणि आई म्हणतात, तुपानं कधी कुणाचं वाईट झालंय का?" पाठीमागून आईचा आवाज येतच होता. तिचं म्हणणं असं, की तिचे वडील ब्याऐंशी वर्षं तूप खाऊन जगले.

मी आहारतज्ज्ञ आहे. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो ह्याच रूपात येतो: तूप की तेल? जणू घरातल्या दोन माणसांपैकी एकाला बाहेर काढायचं आहे. मी भावजयीला म्हटलं, काही आणू नकोस, काही बंद करू नकोस. आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढ, आणि तेलाचा कॅन ज्या दिवशी फोडशील त्या दिवशी त्यावर मार्करनं तारीख लिही. महिनाभरानं बोलू.

ह्या महिन्यात काय निघालं ते सांगण्याआधी, तूप रक्तात नेमकं काय करतं हे बघायला हवं. कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो.

तुपात कोलेस्टेरॉल असतं, म्हणून तूप खाल्लं की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, असं बहुतेकांना वाटतं. ते तसं सरळ नाही. चमचाभर तुपात कोलेस्टेरॉल असतं १२ ते १५ मिलिग्रॅम. आपलं शरीर स्वतःच रोज ह्याच्या कितीतरी पट तयार करतं. आणि तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" असं ठळक छापलेलं असतं, त्यालाही काही अर्थ नाही. कुठल्याच वनस्पतीच्या तेलात मोजण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. उद्या कुणी मिठाच्या पुडीवर "साखरविरहित" छापलं, तर तेही खरंच असेल.

फरक पडतो तो तुपातल्या संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड चरबीनं. तुपाच्या १०० ग्रॅममध्ये ती ६० ते ६५ ग्रॅम असते. सांगलीकरांना समजेल असं उदाहरण देते. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डाकडे येणारे ट्रक आठवा. एलडीएल हे रक्तातले असेच ट्रक, कोलेस्टेरॉल हा त्यातला माल, आणि यकृत हे यार्ड. यकृताच्या पेशींवर ह्या ट्रकांना आत ओढून घेणारी गेटं असतात. आपण संपृक्त चरबी जास्त खाल्ली की यकृत आपली काही गेटं बंद करतं. ट्रक वाढलेले नसले तरी आत जाणारे कमी होतात, आणि रांग रस्त्यावर लागते. रिपोर्टमधला एलडीएलचा आकडा म्हणजे ही रांग. ती वर्षानुवर्षं तशीच राहिली की रक्तवाहिन्यांच्या कडेला माल सांडायला लागतो. सूर्यफूल, करडई, सोयाबीन, शेंगदाणा ह्या तेलांतली असंपृक्त चरबी गेटं उघडी ठेवते.

म्हणजे एलडीएलच्या बाबतीत तेलाचं पारडं जड आहे, हे मान्य करावंच लागेल. "शुद्ध देशी गाईच्या तुपानं कोलेस्टेरॉल उलट कमी होतं" असं सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. गाईचं असो वा म्हशीचं, विरजणाचं असो वा थेट सायीचं, तूप म्हणजे दुधातलीच चरबी, आणि तिच्यातला संपृक्त भाग साधारण तेवढाच राहतो. तुपानं चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, थोडं वाढतं हे खरं. पण त्यानं एलडीएलची भरपाई होते असं दिसलेलं नाही.

मात्र किती वाढतं, किती कमी होतं, हा खरा प्रश्न. आणि तो कुणी विचारत नाही.

महिन्यानं भावजयीनं वही काढली. घरात माणसं पाच: आई, भाऊ, भावजय, कॉलेजातली मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा. सूर्यफुलाच्या रिफाइंड तेलाचा पाच लिटरचा कॅन बरोबर तीस दिवस पुरला. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला ९१० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे साडेचार किलो तेल, दिवसाला १५० ग्रॅम, माणशी ३० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसासाठी वरून घेतलेली सगळी चरबी, म्हणजे तेल, तूप, लोणी मिळून, दिवसाला साधारण २० ते २५ ग्रॅम धरलेली होती. इथे ती मर्यादा नुसत्या तेलानंच ओलांडली. भावजयीला ह्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण "आमच्यात तळण फारसं नसतंच" असं ती मला पहिल्या फोनवर म्हणाली होती. आणि ते खोटंही नव्हतं. तेल तळणात नाही, रोजच्या भाजीच्या फोडणीत जात होतं. बाटलीतून धार धरली की ती किती वेळ धरली हे हाताला कळत नाही.

मग तूप. आई रोज दोन लिटर म्हशीचं दूध घेते, साय काढते, विरजण लावून ताक घुसळते आणि आठवड्याला तूप कढवते. महिन्याला दीड किलो. माणशी काढलं तर १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे. ऐकायला काहीच वाटत नाही. पण पाच माणसांत तूप सारखं वाटलं जात नाही, आणि चमचासुद्धा सगळीकडे एक नसतो.

मी तिला चमचा काट्यावर ठेवून वजन करायला सांगितलं. पातळ केलेल्या तुपाचा चहाचा चमचा काठोकाठ भरला तर साडेचार-पाच ग्रॅम भरतो. पण आईचं तूप असतं रवाळ, दाणेदार. तामलीत चमचा बुडवून वर काढला की त्यावर टेकडी उभी राहते. त्या टेकडीसकट वजन भरलं ११ ग्रॅम. भाऊ दुपारी वरणभातावर एक आणि रात्री गरम भाकरीवर एक, असे दोन चमचे घेतो. डॉक्टरांना त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "फक्त दोन चमचे." डॉक्टरांनी अर्थातच १० ग्रॅम धरले. प्रत्यक्षात ते २२ होते. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

आता भावाच्या एकट्याच्या ताटाचा हिशेब मांडू. एलडीएल वाढलेल्या माणसासाठी संपृक्त चरबी एकूण उष्मांकांच्या ६ टक्क्यांच्या आसपास ठेवा असं अमेरिकन हार्ट असोसिएशन म्हणते. इतरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० टक्क्यांची आहे. भावाचा आहार दिवसाला दोन हजार कॅलरीचा धरला, तर ६ टक्के म्हणजे १३ ग्रॅम, आणि १० टक्के म्हणजे २२ ग्रॅम.

त्याच्या तुपातून येत होती जवळजवळ १४ ग्रॅम. दिवसाची मर्यादा त्या दोन चमच्यांतच संपली. तीस ग्रॅम सूर्यफूल तेलातून येत होती साधारण ३ ग्रॅम. म्हणजे तेल तुपापेक्षा जास्त वापरूनही संपृक्त चरबी त्यातून चौथ्या हिश्श्याहून कमी. इथपर्यंत भावजयीचा अंदाज बरोबर होता.

पण दूध कुणी मोजलंच नव्हतं. दोन लिटर म्हशीच्या दुधातली सगळी चरबी सायीत येत नाही. बरीचशी खाली दुधातच राहते, आणि ती चहा, दही आणि रात्रीच्या पेल्यातून पोटात जाते. भावाच्या वाट्याला त्यातली १३ ग्रॅम चरबी, म्हणजे जवळपास ८ ग्रॅम संपृक्त. ह्या ८ ग्रॅमना घरात कुणीही "चरबी" म्हणत नव्हतं. ते दूध होतं.

आणि फरसाण. संध्याकाळच्या चहाबरोबर वाटीभर, तीसेक ग्रॅम. पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात खाद्यतेल असं लिहून पुढे कंसात पामोलिन लिहिलेलं होतं. पामोलिनमध्ये संपृक्त चरबी ४० टक्क्यांच्या पुढे असते. त्या वाटीतून आणखी ४ ग्रॅम. १०० ग्रॅम फरसाण म्हणजे संपृक्त चरबीच्या भाषेत जवळजवळ पाच सपाट चमचे तूप. ज्या घरात तुपाच्या तामलीवर पहारा बसतो, त्याच घरात फरसाणाचा डबा उघडा असतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिला प्रश्न फरसाणाचाच विचारते. खारी, टोस्ट, नानकटाई हेही त्याच रांगेतले.

शेंगदाण्याचं कूट, डाळी, धान्य ह्यांतून दोन-तीन ग्रॅम येतात, ते सोडून द्या. ते शेंगदाणे राहू देत. एकूण बेरीज ३१-३२ ग्रॅमपर्यंत गेली.

आता खरा हिशेब. पोषणशास्त्रात ह्यावर साठ-सत्तर वर्षं मोजमापं झाली आहेत, आणि त्यातून एक उपयोगी अंदाज निघालाय. रोजच्या एकूण कॅलरींपैकी १ टक्का संपृक्त चरबीतून काढून तेलातल्या बहुअसंपृक्त चरबीकडे नेल्या, तर एलडीएल सरासरी २ अंकांनी उतरतं. शेंगदाणा तेलासारख्या एकअसंपृक्त चरबीकडे नेल्या तर दीडेक. भात-भाकरीसारख्या पिष्टमय पदार्थांकडे नेल्या तर सव्वाच्या आसपास. पण इथे एक पळवाट आहे. तूप बंद करून त्या जागी चहात दोन चमचे साखर जास्त आणि दोन बिस्किटं आली, तर एलडीएल थोडं उतरलं तरी ट्रायग्लिसराइड चढतं आणि एचडीएल खाली येतं. आपल्याकडे ही दुसरी जोडी आधीच बऱ्याच जणांची बिघडलेली असते. तूप काढताना त्याच्या जागी काय आलं, ह्यावर निम्मा निकाल ठरतो.

भावाचं तूप २२ ग्रॅमवरून ५ ग्रॅमवर आणलं, तर संपृक्त चरबी १० ग्रॅमनी कमी होते. ९० कॅलरी, म्हणजे साडेचार टक्के. फार तर ८-९ अंकांचा फरक. आणि त्यानं सपाट एक चमचाच तूप खाल्लं असतं आणि तेवढंही बंद केलं असतं, तर फरक पडला असता साधारण अडीच अंकांचा. १५८ चं १५५ किंवा १५६. प्रयोगशाळेच्या मोजमापात एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात एवढा फरक तसाही दिसतो. म्हणून जो माणूस खरोखर मोजून एक चमचा तूप खातो, त्याला मी ते बंद करायला सांगत नाही. आणि जो टेकडीचे दोन-तीन चमचे खातो, त्याला सांगते.

आता ज्या प्रश्नावर भावजयीची शेजारणीशी चर्चा रंगली होती, तो घेऊ. रिफाइंड की घाण्याचं?

रिफाइंड ही तेलाची जात नव्हे, ती एक प्रक्रिया आहे. शेंगदाण्याचं रिफाइंड असतं, सूर्यफुलाचं असतं, पामचंही असतं. बी दाबून किंवा हेक्सेन नावाच्या द्रावकानं तेल काढतात. मग त्यातला चिकट भाग काढतात, कॉस्टिक सोड्यानं मोकळी आम्लं काढतात, विशिष्ट मातीतून गाळून रंग काढतात, आणि शेवटी निर्वातात दोनशे अंशांच्या पुढे तापवून वाफेनं वास काढतात. हेक्सेन सत्तर अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे इथवर ते उडून गेलेलं असतं. "केमिकल" हा शब्द ऐकून भीती वाटते, पण पिशवीत ते केमिकल जवळजवळ उरलेलं नसतं. उरत नाही ते काही वेगळंच: वास, रंग, आणि ई जीवनसत्त्वासारख्या घटकांचा काही भाग. घाण्याच्या तेलात हे टिकतं, म्हणून त्याची चव भारी. शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं तेल घालायचं असेल तर मीही घाण्याचंच घेते.

पण एलडीएलच्या दृष्टीनं दोन्ही सारखीच. घाण्यातून काढलं काय, कारखान्यातून आलं काय, शेंगदाण्याच्या तेलात संपृक्त चरबी १८ टक्क्यांच्या आसपासच राहते. प्रक्रियेनं ती बदलत नाही. आणि घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा एक धोका फारसा कुणी सांगत नाही. दमट शेंगदाण्यावर बुरशी धरली तर त्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं. ते तेलात उतरतं आणि तेलाकडे बघून किंवा वास घेऊन ओळखता येत नाही. रिफाइनिंगमधल्या सोड्याच्या पायरीत ते निघून जातं, घाण्यात निघत नाही. म्हणून घाण्याचं तेल घ्यायचं तर दाणे डोळ्यांनी बघावेत. काळे, सुरकुतलेले, कुबट किंवा कडू दाणे निवडून टाकले जातात का ते विचारावं. शक्य असेल तर आपलेच निवडलेले दाणे देऊन गाळून घ्यावं. सांगली-कोल्हापूरकडे अजून अशी सोय मिळते.

सूर्यफुलावरून शेंगदाण्यावर गेलं तर काय? ३० ग्रॅम तेलात संपृक्त चरबी दोन ग्रॅमनी वाढते, एलडीएलमध्ये अंक-दोन अंकांचा खेळ. सूर्यफूल, करडई, सोयाबीन, शेंगदाणा, मोहरी, राईस ब्रान ह्यांतलं कुठलंही घ्या, महिन्याआड बदला, आवडीचं घ्या. एवढ्यासाठी शेजारणीशी अबोला नको. वेगळी गोष्ट आहे ती पामोलिनची आणि खोबरेलाची. खोबरेल तेलात संपृक्त चरबी ९० टक्क्यांच्या जवळ जाते, तुपापेक्षाही जास्त. कोकणात किंवा गोव्यात ज्यांच्याकडे स्वयंपाकच खोबरेलात होतो आणि एलडीएल वाढलेलं आहे, त्यांनी "ते तर वनस्पतीचं तेल" म्हणून निश्चिंत राहू नये.

आईच्या वडिलांबद्दलही बोलायला हवं. आईनं स्वतःच नंतर सांगितलं, की त्यांच्या घरी तूप पळीनं नव्हे, थेंबानं वाढायचे. भाताची मूद, त्यावर अन्नशुद्धीचे दोन थेंब, मग वरण. तुपाची धार सणाला आणि पाहुण्याला. आजोबा दिवसभर शेतात असत. फरसाणाची पिशवी त्या घरात नव्हती. ते तुपामुळे ब्याऐंशी वर्षं जगले की तूप असूनही, हे एका माणसावरून कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

मधल्या काळात, बहुधा भावजयीच्या माहेरीही, "तूप" म्हणून पिवळ्या डब्यातलं वनस्पती तूप खाल्लं गेलं. ते तूप नव्हतं. ते तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेलं होतं आणि त्यात ट्रान्स फॅट भरपूर असायचं, जे एलडीएल वाढवतं आणि एचडीएलही खाली आणतं. तुपापेक्षा ते नक्कीच वाईट. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं तेल-वनस्पतींमधल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. पण तीच चरबी आता पामनं घट्ट केली जाते, त्यामुळे बेकरीतल्या पदार्थांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवायला हवा, कारण भाच्यानं तो मला मोबाइलवर दाखवला होता. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९६८ ते १९७३ मध्ये एक मोठा प्रयोग झाला. संस्थांमध्ये राहणाऱ्या लोकांच्या जेवणातली संपृक्त चरबी काढून मक्याचं तेल दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. २०१६ मध्ये जुनी कागदपत्रं धुंडाळून हे पुन्हा छापलं गेलं आणि तेलविरोधकांच्या हाती कोलीत मिळालं. त्या प्रयोगात बहुतेक माणसं फार थोडा काळ राहिली होती, आणि हृदयरोग हा वर्षांनुवर्षांचा मामला आहे. दोन वर्षांहून जास्त चाललेले, नीट पाळलेले जुने प्रयोग एकत्र करून अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ मध्ये जे मांडलं, त्यात संपृक्त चरबीच्या जागी बहुअसंपृक्त तेल दिल्यावर हृदयविकार सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. माझा कल ह्या २०१७ च्या मांडणीकडे आहे. पण त्यातून "तेल जितकं जास्त तितकं हृदय चांगलं" असा अर्थ निघत नाही. तेलाचा फायदा हा तुपाच्या जागी आल्याचा आहे, तुपावर आणखी ओतल्याचा नाही.

तळणाचं एवढंच सांगते. तूप तापायला टणक असतं, लवकर धूर धरत नाही, लवकर बिघडत नाही. म्हणून "तळण तुपातच चांगलं" असं म्हणतात. तेल बिघडण्याच्या दृष्टीनं ते खरं आहे. पण अनारसा किंवा पुरी जे पिते ते तूपच असतं आणि ते सगळं ताटात येतं. सणावारी करा, रोजच्या हिशेबात नको. तेलात तळायचं तर उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीत संपवावं. रंग काळपट झाला, फेस जास्त येऊ लागला, हात चिकट व्हायला लागला किंवा आधीपेक्षा लवकर धूर निघू लागला, की ते तेल गेलं. त्यात नवं तेल मिसळून वाचवता येत नाही.

सांगलीत मग काय ठरलं? भावजयीनं तेलाच्या बाटलीतून धार धरणं बंद केलं. फोडणीचं तेल मोजायला एकच लहान चमचा, तोच रोज, पाच माणसांच्या भाजीला चार चमचे. कॅन आता बेचाळीस-पंचेचाळीस दिवस पुरतो. त्यासाठी कढईत आधी कांदा मीठ घालून झाकणाखाली वाफवायचं तिनं शिकून घेतलं, कारण कोरड्या कढईत कांदा लागतो आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. भावाच्या चहा-दह्यासाठी दीड टक्का चरबीचं, म्हणजे डबल टोन्ड दूध वेगळं येतं. फरसाणाच्या जागी फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे. भावाला पहिले दोन आठवडे हे अजिबात आवडलं नाही, हेही सांगायला हवं. तुपाचा एक सपाट चमचा दुपारच्या भातावर राहिला. रात्रीचा गेला.

ह्या सगळ्यानं संपृक्त चरबी १६-१७ ग्रॅमनी उतरली. माझ्या हिशेबानं १० ते १५ अंक उतरायला हवे होते. त्यांच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइडची टीएसएच चाचणी करून घेतली होती, कारण थायरॉइड मंद असलं तरी एलडीएल वाढतं आणि मग तूप-तेलाला उगाच दोष जातो. ती ठीक होती. मधुमेह नव्हता, घरात कमी वयात हृदयविकार नव्हता, म्हणून त्यांनी तीन महिने आहारावर बघू असं म्हटलं. हे प्रत्येकाला लागू नाही. एलडीएल १९० च्या पुढे असेल, आधी झटका येऊन गेला असेल किंवा मधुमेह असेल, तर गोळी बहुतेकदा लागतेच. स्वयंपाकघरातून उतरू शकतात १०-१५, फार तर २० अंक. वजन उतरलं आणि ओट्स, राजमा, मेथीदाणे, फळं ह्यांतला विरघळणारा चोथा वाढला तर आणखी थोडे. गोळी सुरू असताना "आता तूप बंद केलंय" म्हणून ती सोडणारे लोकही मी पाहिलेत.

एप्रिलच्या शेवटी भावाचा रिपोर्ट १४३ आला. भाऊ खूश, भावजय त्याहून खूश. आईनं रिपोर्ट बघितला आणि विचारलं, मग रात्रीचा चमचा परत सुरू करायचा का?

नाही म्हटल्यावर तिनं फार वाद घातला नाही. साय मात्र ती रोज काढतेच, ताक घुसळतेच, तूप कढवतेच. घरात आता अर्धा किलोच लागतं. उरलेलं किलोभर तूप दर महिन्याला स्टीलच्या डब्यातून, कागदात गुंडाळून, कुणाबरोबर तरी पुण्याला माझ्याकडे येतं. रवाळ. माझ्या टेबलावरचा वजनकाटा आता त्याच डब्याशेजारी असतो.